नाकाची क्लिप आणि कूर्चेचं वय

नाकाला आकार देण्यासाठी ऑनलाइन मागवता येणारी क्लिप फक्त शेंड्याकडची मऊ कूर्चा दाबते. क्लिप काढली की कूर्चा पुन्हा मूळ आकारात येते. वरचा भाग तर हाडाचाच, तो हलतही नाही.

दुभंगलेल्या ओठाच्या तान्ह्या बाळाचं नाक मात्र शस्त्रक्रियेआधी आतून आधार देऊन खरोखर घडवतात. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे त्याची कूर्चा पहिले काही आठवडे वळणारी असते, म्हणून हा उपचार लवकर सुरू करतात. मोठेपणी ती संधी उरलेली नसते.

क्लिपसारखाच चेहऱ्याला आकार देण्यासाठी वापरला जाणारा जबड्याचा रबरी गोळा चावून चावण्याचा स्नायू फुगू शकतो. हाड बदलत नाही, हनुवटीखालची चरबीही नेमकी तिथली घटत नाही. कानापुढे दुखू लागलं किंवा तोंड उघडताना जबडा वाजू लागला, तर गोळा बंद करा आणि दंतवैद्यांना दाखवा.