पंचांगाच्या पानावरचे ‘शु.’, ‘प.’ आणि ‘नं.’

पंचांगाच्या पानाचा मोबाइलवर आलेला फोटो बहुतेक वेळा अर्धवट असतो. पाठवणाऱ्याने आपल्याला हवी ती ओळ मधोमध धरलेली असते आणि वरचा मथळा, म्हणजे शके, महिना, पक्ष आणि रकान्यांची नावे, कापला गेलेला असतो. मग घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती उरतात ती नुसती अक्षरे आणि आकडे: ४, बु., १५.४४, चि., शु. ते वाचायचे कसे, हे एका खऱ्या दिवसावरून पाहू. दिवस आहे २७ ऑगस्ट २०२५, बुधवार, शके १९४७ मधली गणेश चतुर्थी.

ओळीतला ४ म्हणजे चतुर्थी आणि बु. म्हणजे बुधवार. पुढचा १५.४४ दिसतो दशांश अपूर्णांकासारखा, पण तो आहे १५ वाजून ४४ मिनिटे, म्हणजे दुपारी पावणेचारच्या जरा आधी. ही वेळ तिथी संपण्याची. पंचांगात तिथीपुढे ती कधी लागली हे बहुधा छापत नाहीत, कारण आदल्या ओळीतली तिथी जिथे संपते तिथेच ही सुरू होते. वरच्या ओळीत २६ तारखेला ३ आणि १३.५४ आहे. म्हणजे मंगळवारी दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी तृतीया संपली आणि चतुर्थी लागली. मंगळवारी सूर्योदयाला तृतीया होती, म्हणून हरतालिका त्या दिवशी झाली.

तिथी अशी भरदुपारी कशी बदलते? कारण ती घड्याळावर चालत नाही. चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला यावर ती ठरते. अमावास्येच्या अखेरीस दोघे एका रेषेत असतात. तिथून चंद्र १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. बुधवारी १५.४४ ला तो ४८ अंश पुढे होता, म्हणून चार तिथ्या संपल्या. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्याने एक तिथी कधी वीस तासांत उरकते, तर कधी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. ही चतुर्थी २५ तास ५० मिनिटांची होती. ज्या तिथीला एकही सूर्योदय मिळत नाही तिच्यापुढे ‘क्षय’ छापतात. जिला दोन मिळतात ती ‘वृद्धी’, आणि ती दोन ओळींत येते. पहिल्या ओळीत वेळेऐवजी ‘अहोरात्र’ दिसले तर अर्थ इतकाच की दिवसरात्र तीच तिथी आहे, संपण्याची वेळ दुसऱ्या दिवशीच्या ओळीत शोधायची.

यातून धूसर फोटो तपासण्याची एक चांगली युक्ती मिळते. तिथी वीस ते सत्तावीस तासांची असल्याने तिची समाप्ती आदल्या दिवशीच्या वेळेपेक्षा फार तर चार तास अलीकडे किंवा तीन तास पलीकडे सरकते. १३.५४, १५.४४ आणि पंचमीची १७.५६ हा क्रम या मर्यादेत बसतो. देवनागरी १ आणि ९ फोटोत सहज गफलत करतात. १५.४४ नंतरची वेळ तुम्हाला ११ च्या आधीची किंवा १९ च्या नंतरची दिसू लागली, तर एक तर आकडा चुकीचा वाचला आहे, नाहीतर मधली एखादी तिथी नजरेतून निसटली आहे.

आता ‘चि.’. नक्षत्राच्या रकान्यात ते चित्रा. आकाशाचे २७ सारखे भाग पाडले की प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा होतो, आणि चंद्र ज्या भागात असेल ते त्या दिवसाचे नक्षत्र. येथे सूर्याशी संबंध नाही, म्हणून तिथी आणि नक्षत्र वेगवेगळ्या वेळी बदलतात. सर्वांत जास्त गोंधळ पू. आणि उ. यांचा होतो. पूर्वा आणि उत्तरा प्रत्येकी तीन आहेत, म्हणून पुढचे अक्षर पाहावेच लागते: फा. म्हणजे फाल्गुनी, षा. म्हणजे षाढा, भा. म्हणजे भाद्रपदा.

आणि ‘शु.’? हे अक्षर एकटे वाचताच येत नाही. मथळ्यात ते शुक्ल पक्ष, वाराच्या रकान्यात शुक्रवार, योगाच्या रकान्यात शुभ किंवा शुक्ल. आपल्या बुधवारी तर दुपारपर्यंत शुभ योग होता आणि नंतर शुक्ल लागला! रकाना कळल्याशिवाय अक्षराला अर्थ नाही, म्हणून कापलेला मथळा इतका नडतो.

‘प.’ आणि ‘नं.’ ही मुहूर्ताच्या रकान्यातली अक्षरे. ‘१५ प. चांगला’ म्हणजे दुपारी तीनपर्यंत दिवस चांगला, ‘१५ नं. चांगला’ म्हणजे तीननंतर. एका अक्षराने अर्थ उलटा होतो, तेव्हा येथे फोटो मोठा करून पाहा. जुन्या पंचांगात मात्र घ. आणि प. अशी जोडी दिसली तर ती घटी आणि पळे. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचे, आणि मोजणी सूर्योदयापासून. मुंबईत त्या दिवशी सूर्य साधारण ६.२३ ला उगवला. तिथून १५.४४ पर्यंत ९ तास २१ मिनिटे होतात, म्हणजे २३ घटी आणि सुमारे २२ पळे.

‘भद्रा’ वाचून अनेकजण घाबरतात. तिथीच्या अर्ध्या भागाला करण म्हणतात, आणि विष्टी नावाच्या करणाचे दुसरे नाव भद्रा. शुक्ल चतुर्थीचा उत्तरार्ध नेहमीच भद्रेचा असतो. २०२५ मध्ये ती बुधवारी पहाटे पावणेतीनच्या सुमारास लागली. काही पंचांगांत ही वेळ २६ तारखेच्या ओळीत २६ पासून सुरू होणाऱ्या आकड्याने येते, कारण मध्यरात्रीनंतरचे तास २५, २६ असे पुढे मोजतात. त्यातून २४ वजा करायचे. गणेशपूजनाला मध्यान्ही चतुर्थी असावी लागते आणि त्या वेळी भद्रा असली तरी पूजा अडत नाही. भद्रा टाळण्याचा नियम विशेषतः रक्षाबंधन आणि होळीसाठी सांगितला आहे.

येथे एक फरक स्पष्ट सांगायला हवा. तिथी आणि नक्षत्र ही चंद्रसूर्यांच्या स्थितीची गणिते आहेत, ती ताडून पाहता येतात. ‘चांगला’, ‘वर्ज्य’ हे शेरे परंपरेने ठरवलेले आहेत. दोन्ही एकाच पानावर छापलेले असले तरी त्यांचे बळ सारखे मानू नये.

परदेशातल्यांनी आणखी एक पाहावे. पानावरचे तास-मिनिटे भारतीय प्रमाणवेळेचे असतात. हीच चतुर्थी न्यूयॉर्कच्या घड्याळात २६ तारखेला पहाटे ४.२४ ला लागून २७ ला सकाळी ६.१४ ला संपली. तिथे मध्यान्हीची चतुर्थी मंगळवारीच मिळाली, त्यामुळे भारतातला बुधवार पाहून बसणाऱ्याची तिथी हुकली असती.

म्हणून आजी-आजोबांकडे फोटो मागताना तीन गोष्टी मागा: मथळ्यासह पूर्ण पान, पंचांगाचे नाव व शके, आणि सुरुवातीच्या पानांत संक्षेपांचा खुलासा दिला असेल तर त्याचाही फोटो. प्रत्येक पंचांगाचे संक्षेप थोडे वेगळे असू शकतात, आणि त्याचा अर्थ त्याच पंचांगातून घ्यावा.