पावसाळ्यात कपडे का वाळत नाहीत?

सहावीचा वर्ग, चौतीस मुलं, विषय बाष्पीभवन. पाठ निरीक्षणाला मी मागच्या बाकावर बसले होते. सर सतत प्रश्न विचारत होते, मुलं एका सुरात उत्तरं देत होती, वर्गात चैतन्य होतं. निरीक्षण तक्त्यात ‘प्रश्नकौशल्य उत्तम’ असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं. पण सरांच्या परवानगीने मी फोनवर पाठाचं ध्वनिमुद्रण केलं होतं, आणि वहीत बाकांचा नकाशा काढून जे मूल एकट्याने बोललं त्याच्या जागेवर एकेक रेघ ओढत गेले होते.

तासाभरानंतर मुद्रण ऐकत आम्ही दोघांनी सगळे प्रश्न लिहून काढले. अडतीस भरले. त्यातले आठ ‘समजलं ना?’ या जातीचे, म्हणजे ज्यांना उत्तर अपेक्षितच नसतं असे. उरले तीस. त्यांतल्या पंचवीसांना आठवण पुरेशी होती: पाणी किती अंशांना उकळतं, वाफ म्हणजे काय, वगैरे. विचार करायला लावणारे फक्त पाच.

ही वाटणी करताना एक चूक हमखास होते. ‘का’ आणि ‘कसे’ असलेला प्रश्न वरच्या पातळीचा, असं धरलं जातं. बेंजामिन ब्लूम यांच्या 1956 सालच्या वर्गीकरणातले ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द बी.एड.ला सगळ्यांनीच पाठ केलेले असतात, पण पातळी प्रश्नाच्या शब्दांत नसते. उत्तर देताना मुलाला काय करावं लागतं, त्यावर ती ठरते. स्वाध्यायात लिहून दिलेलं कारण म्हणून दाखवणं हे स्मरणच, मग प्रश्नात ‘का’ कितीदाही येवो.

त्या पाचांतला एक प्रश्न फार सुंदर होता: ‘पावसाळ्यात कपडे वाळायला वेळ का लागतो?’ मुद्रणात तो आम्ही तीनदा ऐकला. प्रश्न संपतो आणि सेकंदही पुरा होण्याआधी सरांचाच आवाज येतो, ‘हवेत काय जास्त असतं?’ सगळा वर्ग म्हणतो, ‘बाष्प!’ लगेच ‘शाब्बास’, आणि पाठ पुढे. कारण शोधायचा प्रश्न एका शब्दावर येऊन थांबला होता.

अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. हाच अवधी तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली आणि मुलंही प्रश्न विचारू लागली. मुलाचं उत्तर आल्यानंतरचा थांबाही त्यांनी तितकाच महत्त्वाचा मानला. झटपट ‘शाब्बास’ आलं की मुलाचं ‘कारण...’ ओठांतच राहतं.

थांबा मोजताना शांतता कोणी मोडली हेही लिहावं. मुलाने पटकन उत्तर दिलं, तर तो शिक्षकाचा उतावळेपणा नव्हे. आणि पाढ्याला किंवा व्याख्येला तीन सेकंद लागतही नाहीत. तिथे थांबलं तर पाठ नुसता रेंगाळतो.

मग नकाशा उघडला. तीस प्रश्नांपैकी बारांची उत्तरं समूहाने दिली होती, पाचांची सरांनी स्वतःच. उरलेल्या तेरा रेघा अवघ्या पाच मुलांच्या नावावर होत्या, आणि त्यांतली चौघं पहिल्या दोन बाकांवरची. सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, “मॅडम, मला तर वाटत होतं सगळा वर्ग बोलतोय.” समूहाचं उत्तर असंच फसवतं. तीनचार मुलं बोलतात, बाकीची शेवटचं अक्षर उचलतात.

उपाय म्हणून आम्ही एवढंच ठरवलं की विचाराचे तीन प्रश्न टाचणात आधीच लिहायचे, प्रश्न विचारून मनात तीन अंक मोजायचे आणि मगच नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं की उरलेली तेहतीस मुलं सुटतात. आणखी एक, मूल अडलं तर त्याला उभं ठेवून वाट पाहायची नाही. शेजारच्याशी अर्धा मिनिट बोलायला सांगून पुन्हा त्याच्याकडेच यायचं.

पुढच्या आठवड्यात सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुद्रणात चार सेकंद पंख्याची घरघर ऐकू येते. मग तिसऱ्या बाकावरची, नकाशात एकही रेघ नसलेली मुलगी हळूच म्हणते, “सर, आमची आई पावसाळ्यात कपडे चुलीवरच्या दोरीला टाकते. तिथं वाळतात.” सर ‘शाब्बास’ म्हणत नाहीत. पुन्हा शांतता. मग तीच पुढे बोलते, “पण तिथं वारा नसतो. मग कसे वाळतात?”