पिनचा बल्ब, आट्यांचा बल्ब

दुकानात बल्ब मागितला की दुकानदार आधी विचारतो, "किती वॅटचा?" बल्ब घरी आणून बसला नाही, तर दोष बहुधा वॅटचा नसतो, टोपीचा असतो. होल्डरमध्ये जाणाऱ्या बल्बच्या धातूच्या भागाला कॅप म्हणतात. तिचा प्रकार खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला असतो: B22, E27, E14.

आपल्या घरांतल्या जुन्या होल्डरांत बहुतेक ठिकाणी B22 चालतो. बाजूला दोन पिना असतात. दाबून, किंचित फिरवून तो अडकवायचा. E म्हणजे आट्यांचा बल्ब, तो फिरवत बसवायचा. पुढचा आकडा मिलिमीटरमधला व्यास सांगतो.

समजा, झुंबरातला मेणबत्तीच्या आकाराचा एक बल्ब गेला. नेहमीचा बल्ब तिथे मावणार नाही, हे तर दिसतंच. पण "छोटा द्या" एवढं सांगूनही भागत नाही, कारण छोट्या बल्बांत आट्यांचा E14 असतो, तसा पिनांचा B15ही असतो. मेन स्विच बंद करा, गेलेला बल्ब थंड होऊ द्या, काढा आणि आट्यांच्या रुंदीवर पट्टी धरा. सुमारे 14 मिलिमीटर भरली तर E14, साधारण 27 भरली तर E27. त्याहून सोपं म्हणजे जुना बल्बच दुकानात न्यायचा.

अमेरिकेहून कुणी आणलेल्या बल्बाची गोष्ट वेगळी. तिथली कॅप E26 असते आणि ती आपल्या E27 होल्डरमध्ये बहुधा बसूनही जाते. पण तो बल्ब 120 व्होल्टचा असेल तर आपल्या 230 व्होल्टवर लगेच जळेल. म्हणून आटे जुळले तरी खोक्यावरचा व्होल्टेज वाचायलाच हवा. फॉल्स सीलिंगमधल्या स्पॉटलाइटचंही तेच. GU10 थेट 230 व्होल्टवर चालतो. तसाच दिसणारा, पण बारीक सरळ पिनांचा GU5.3 सहसा 12 व्होल्टचा असतो आणि त्याला वर ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर लागतो.

आट्यांच्या होल्डरची वायरिंग मी मुद्दाम तपासून घ्यायला सांगेन. फेज तळाच्या मधल्या पत्रीला आणि न्यूट्रल आट्यांच्या भांड्याला हवा. उलट जोडणी झाली तर बल्ब पेटतो, तक्रार काहीच दिसत नाही, पण बल्ब बसवताना आट्यांना बोट लागलं तर झटका बसतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावं.

पिनच्या जुन्या होल्डरची तऱ्हा निराळी. नवा बल्बही लुकलुकतो, आणि आपण बल्ब बदलत राहतो. मेन बंद करून आतल्या दोन स्प्रिंगवाल्या खुंट्या लाकडी काडीने दाबून पाहा. एखादी वर येत नसेल किंवा काळी पडली असेल, तर तिथे ठिणगी पडत असते. मग बल्ब कितीही चांगला आणा, होल्डरच बदलावा लागेल.