भिंतीवरचे चार मिलिसेकंद

गल्ली-क्रिकेटमधला टेनिसचा चेंडू कंपाउंडच्या भिंतीवर थाडकन आपटतो आणि परत येतो. भिंतीला फटका किती जोराचा बसला? प्रश्न साधा दिसतो, पण त्याला एका आकड्याचं उत्तर नाही. चेंडू भिंतीला नुसता टेकतो तेव्हा बल शून्य असतं. मग तो चपटत जातो, तसं बल वाढत जातं. पुरता चपटल्यावर तो पुन्हा फुगू लागतो, बल उतरत जातं आणि भिंत सुटताना पुन्हा शून्यावर येतं. हे सगळं साधारण चार मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागात उरकतं. या अवधीत बलाला शेकडो वेगवेगळ्या किमती येऊन गेलेल्या असतात.

टेनिसचा चेंडू निवडण्याचं कारण असं, की त्याच्या अंगच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार नेहमीच्या चेंडूचं वजन 56.0 ते 59.4 ग्रॅममध्ये हवं आणि 254 सेंटिमीटरवरून टणक जमिनीवर सोडल्यावर त्याने 135 ते 147 सेंटिमीटर उसळी घ्यायला हवी. यावरून हिशेब केला तर तो जितक्या वेगाने आदळतो त्याच्या सुमारे पाऊणपट वेगाने परततो. जोरात फेकलेला चेंडू अधिक चपटतो, त्याची अधिक ऊर्जा आतल्या आत वाया जाते आणि हे प्रमाण आणखी घसरतं. म्हणून आपण 58 ग्रॅमचा चेंडू घेऊ. तो भिंतीवर सरळ काटकोनात, सेकंदाला 15 मीटर वेगाने (ताशी 54 किलोमीटर) आदळला आणि सेकंदाला 10 मीटर वेगाने परतला असं धरू.

आता वेगात बदल किती झाला? इथे भलेभले पाच म्हणतात. पंधराचे दहा झाले, पाच कमी झाले, असा तो हिशेब. पण चेंडूची दिशा उलटली आहे. भिंतीने आधी त्याचा पंधराचा वेग पुरता मोडून काढला आणि मग विरुद्ध दिशेने दहाचा वेग दिला. बदल झाला पंचवीसचा. त्याला वस्तुमानाने, म्हणजे 0.058 किलोग्रॅमने गुणलं की 1.45 येतात. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि बलाने संवेगात घडवून आणलेला हा बदल म्हणजे त्या बलाचा आवेग. त्याचं एकक न्यूटन-सेकंद. तेवढ्याच वजनाचा चिखलाचा गोळा त्याच वेगाने येऊन भिंतीला चिकटला असता तर आवेग फक्त 0.87 झाला असता. उसळणारा चेंडू भिंतीला चिकटणाऱ्या गोळ्यापेक्षा जास्त ढकलतो. अनेकांना हे आधी उलटं वाटतं.

हा 1.45 चा आकडा काढताना टक्कर आतून कशी झाली हे आपण पाहिलेलंच नाही. पाहताही आलं नसतं. मोबाइलवर सेकंदाला 240 चौकटींचं स्लो-मोशन चित्रण केलं तर दोन चौकटींमध्ये सव्वाचार मिलिसेकंदांच्या आसपास अंतर पडतं, म्हणजे अख्खी टक्कर दोन चौकटींच्या फटीत मावू शकते. पण आधीच्या चौकटींत चेंडू दर वेळी सव्वासहा सेंटिमीटर पुढे सरकताना दिसतो आणि नंतरच्या चौकटींत चार सेंटिमीटरांहून थोडा जास्त मागे येताना दिसतो. एवढ्यावरून दोन्ही वेग मिळतात आणि आवेगही मिळतो.

आत डोकवायचं असेल तर भिंतीवर बलमापक पट्टी लावावी लागते. दाब पडला की विद्युतभार निर्माण करणारे स्फटिक किंवा सिरॅमिकच्या चकत्या अशा कामासाठी वापरतात. सिडनी विद्यापीठातले रॉड क्रॉस यांनी 1990 च्या दशकात अशाच चकत्यांवर टेनिस, गोल्फ, बेसबॉल असे तऱ्हतऱ्हेचे चेंडू आपटून त्यांच्या बलाचे आलेख काढले होते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर बल, आणि मधे एक टेकडी. आपल्या चेंडूसाठी दर अर्ध्या मिलिसेकंदाला येतील असे प्रातिनिधिक आकडे घेऊ. सुरुवातीला 0, मग 250, 440, 550, 560, 500, 380, 220 आणि चार मिलिसेकंद पुरे होताना पुन्हा 0 न्यूटन.

या टेकडीखालचं क्षेत्रफळ हाच आवेग. त्याचं कारण लांबचं नाही. एखाद्या अगदी लहान वेळात बल जवळपास सारखंच असतं, आणि त्या बलाला त्या वेळेने गुणलं की तेवढ्यात संवेग किती बदलला ते मिळतं. आलेखावर हा गुणाकार म्हणजे एका अरुंद उभ्या पट्टीचं क्षेत्रफळ. सगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की टेकडी पूर्ण होते.

पट्ट्या एकेक मिलिसेकंदाच्या घेऊन पाहू. 0, 1, 2, 3 आणि 4 मिलिसेकंदांवरची बलं 0, 440, 560, 380 आणि 0. प्रत्येक पट्टीच्या दोन बाजूंची सरासरी उंची घ्यायची, म्हणजे पट्ट्यांची क्षेत्रफळं 220, 500, 470 आणि 190 येतात. बेरीज 1380. वेळ मिलिसेकंदांत घेतला होता म्हणून हजाराने भागायचं, की 1.38 न्यूटन-सेकंद. वेगांवरून आलं होतं 1.45. सात शतांश कुठे गेले? पट्टीचा माथा आपण सरळ रेषेने कापला, आणि टेकडीचा फुगवटा त्या रेषेच्या वर राहिला. पट्ट्या अर्ध्या मिलिसेकंदाच्या केल्या की सातही आकड्यांची बेरीज 2900, गुणिले 0.5, भागिले हजार: 1.45. प्रयोगवहीत असं तंतोतंत जुळलेलं दिसलं तर मास्तरांनी भुवया उंचावाव्यात. पण दोन-तीन टक्क्यांत जुळायला काही हरकत नाही.

मग सरासरी बल काय? टेकडी खणून तिच्याच पायावर सपाट माथ्याचा ओटा बांधायचा, सगळी माती वापरून. ओट्याची उंची म्हणजे सरासरी बल. 1.45 भागिले 0.004 सेकंद, म्हणजे सुमारे 363 न्यूटन. साधारण 37 किलो वजनाइतकं हे बल झालं. टेकडीचं शिखर मात्र 560 न्यूटनवर आहे, सरासरीच्या दीडपटीहून जरा वर. टेकडी कमानीसारखी गोलसर असली की शिखर सरासरीच्या दीडपटीच्या आसपास येतं, आणि ती निव्वळ त्रिकोणी असती तर नेमकं दुप्पट आलं असतं. भिंतीचं प्लास्टर टिकेल का, असा प्रश्न असेल तर सरासरीवर विसंबून चालणार नाही. शिखरच पाहावं लागेल, आणि ते नुसत्या वेगांवरून सांगता येत नाही.

मला या आलेखातली सर्वांत आवडती गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. टेकडीवर डावीकडून चालत जा आणि मागे पडलेलं क्षेत्रफळ मोजत राहा. ते 0.87 झालं की थांबा. चेंडूचा मूळ संवेग 0.058 गुणिले 15, म्हणजे 0.87 होता. तेवढा संपला, म्हणजे याच क्षणी चेंडू क्षणभर थबकला आहे आणि तो सर्वाधिक चपटलेला आहे. आपल्या आकड्यांत हा क्षण सुमारे 2.2 मिलिसेकंदांवर येतो. उजवीकडे उरलेलं क्षेत्रफळ 0.58. भागाकार करून पाहा: 0.58 भागिले 0.87, म्हणजे दोन-तृतीयांश, आणि दहा भागिले पंधराही तितकेच. चेंडू किती चांगला उसळतो हे टेकडीच्या दोन तुकड्यांच्या प्रमाणावरून कळतं. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी उसळीचं माप असंच, चपटण्याचा आवेग आणि फुगण्याचा आवेग यांच्या प्रमाणावर बेतलं होतं.

उजवा तुकडा लहान का? चपटताना चेंडूतली दाबलेली हवा आणि ताणलेलं रबर भिंतीला ढकलतात, आणि रबराचं आतलं घर्षणही त्यात भर टाकतं. फुगताना तेच घर्षण आड येतं. म्हणून तेवढ्याच चपटेपणाला परतीच्या वाटेवर बल कमी मिळतं. बलाचं शिखर चेंडू थबकण्याच्या किंचित आधी येतं, त्यामागेही हेच आहे.

मोजताना घोळ होतात ते बहुतेक आलेखाच्या तळाशी. मापकाचा शून्य वीस न्यूटनने वर सरकलेला असेल तर चार मिलिसेकंदांत 0.08 न्यूटन-सेकंदांची खोटी भर पडते, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. ओळखायची खूण अशी, की चेंडू भिंतीपासून सुटल्यावरही रेषा शून्यावर परतत नाही. दुसरा दोष आघाताने पट्टीच थरथरण्याचा. तेव्हा टेकडीवर बारीक दाते उमटतात. त्यांच्यामुळे शिखराचा आकडा बिनभरवशाचा होतो, पण दाते वर-खाली सारखेच असल्याने क्षेत्रफळाला फारसा धक्का लागत नाही. तिसरा दोष नोंदींच्या वेगाचा. सेकंदाला शंभर नोंदी घेणारं यंत्र दहा मिलिसेकंदांतून एकदा पाहतं, त्यामुळे आख्खी टेकडीच त्याच्या नजरेतून सुटू शकते. दहा हजार नोंदी घेणाऱ्याला तीवर चाळीस ठिपके मिळतात. गुरुत्वाकर्षणाची मात्र चिंता नको. चेंडूचं वजन अवघं 0.57 न्यूटन, आणि चार मिलिसेकंदांत त्याचा वाटा 0.002 न्यूटन-सेकंदांचा.

सरासरी बलाचा खरा कच्चा दुवा वेगळाच आहे. टक्कर नेमकी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे ठरवणाऱ्यावर ते अवलंबून असतं. कुणी आलेखाच्या दोन्ही बाजूंची एकेक मिलिसेकंदाची सपाट शेपटी धरून अवधी सहा मिलिसेकंद मानला तर क्षेत्रफळ तेच 1.45 राहतं, पण सरासरी 242 न्यूटनवर उतरते. चूक कुणाचीच नाही. सरासरी सांगताना कुठल्या अवधीची, हे सांगावंच लागतं.

हाच अवधी ताणत नेला तर एक उपयोगी गोष्ट हाती येते. यंत्राने दर सेकंदाला एक चेंडू याच वेगाने भिंतीवर मारत राहिला, तर मिनिटभराच्या सरासरीने भिंतीवरचं बल केवळ 1.45 न्यूटन भरेल, सुमारे दीडशे ग्रॅम वजनाइतकं. चेंडू अधिक लहान आणि फटके अधिक दाट झाले तर टेकड्या एकमेकींत मिसळतात आणि स्थिर, न लुकलुकणारं बल उरतं. डॅनियल बर्नुली यांनी 1738 मध्ये हवेच्या दाबाचा हिशेब असाच मांडला: भांड्याच्या भिंतीवर आदळून परतणाऱ्या असंख्य कणांचे आवेग. सायकलच्या ट्यूबला लावलेल्या दाबमापकाचा काटा त्या आवेगांची बेरीज दाखवत असतो, आणि त्यातली एकही टेकडी वेगळी दिसत नाही.