एक ओळ पुसली की पुढची निसटते

समजा, एका वाचनालयाची सभासद-यादी एक्सेलमध्ये आहे. पहिल्या ओळीत शीर्षकं आणि दुसरीपासून अकरावीपर्यंत दहा सभासद. A रकान्यात नाव आहे, आणि ज्यांचं सभासदत्व बंद झालं त्यांच्यापुढे C रकान्यात X अशी खूण आहे. ही खूण ३, ६, ७, ८ आणि १० या ओळींत आहे. म्हणजे पाच नावं काढायची आणि पाच ठेवायची. दहा नावांचं काम हातानंही होईल, पण खरी यादी हजारोंची असते, म्हणून कुणीतरी मॅक्रो लिहितं. मॅक्रो म्हणजे एक्सेलनं एकापाठोपाठ एक पाळायच्या सूचना. त्या VBA नावाच्या भाषेत लिहितात आणि Alt+F11 दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीत ठेवतात.

```
For i = 2 To 11
    If Cells(i, 3).Value = "X" Then Rows(i).Delete
Next i
```

वाचताना यात काहीच खटकत नाही. i हा आकडा २ पासून ११ पर्यंत एकेक करत वाढतो. दरवेळी त्या क्रमांकाच्या ओळीतला तिसरा रकाना पाहायचा आणि X असेल तर ओळ पुसायची. मॅक्रो चालतो, कुठलीही चूक दाखवत नाही, आणि यादीत पाचऐवजी सहा नावं उरतात. सहाव्या नावापुढे X तसाच असतो.

काय झालं ते एकेक पाऊल टाकत पाहू. i = 2 असताना काही होत नाही. i = 3 ला X सापडतो आणि ओळ जाते. पण एक्सेल तिथं रिकामी जागा ठेवत नाही. खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकतात आणि मूळची चौथी ओळ आता तिसरी होते. तेवढ्यात i चा आकडा ४ होतो. चौथ्या जागी आता मूळची पाचवी ओळ आहे. मूळच्या चौथीकडे कुणी पाहिलंच नाही. तिच्यात X नव्हता, म्हणून नुकसान झालं नाही.

i = 5 ला मूळची सहावी ओळ सापडते आणि पुसली जाते. सातवी तिच्या जागी येते, पण i पुढे ६ वर गेलेला असतो आणि तिथं मूळची आठवी उभी असते. तीही जाते. i = 7 ला मूळची दहावी जाते. म्हणजे ४, ७, ९ आणि ११ या चार मूळ ओळी तपासल्याच गेल्या नाहीत. त्यांतल्या तिघांपुढे X नव्हता. सातवीपुढे होता, म्हणून चूक तिथंच उघडी पडली. त्यानंतर i ८ पासून ११ पर्यंत रिकाम्या ओळींवरून फिरतो, कारण लूपची शेवटची हद्द सुरुवातीलाच ठरते. मधे किती ओळी गेल्या याचा तिच्यावर परिणाम होत नाही.

माझ्या मते या दोषातली सगळ्यात वाईट गोष्ट तो लपतो कसा, ही आहे. काढायच्या ओळी विखुरलेल्या असतील, म्हणजे प्रत्येक X नंतर किमान एक चांगली ओळ असेल, तर निकाल अगदी बरोबर येतो. वगळली जाते ती नेमकी पुसलेल्या ओळीनंतरची ओळ, आणि ती तशीही राहणारच होती. चार-सहा नावांवर चाचणी घेणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. मग एक दिवस यादी C रकान्यानुसार क्रमानं लावली जाते आणि सगळे X एकाखाली एक येतात. आता दर दुसरी ओळ वाचते. सलग दहा X असतील तर पाच उरतात. कोड तोच असतो, फक्त ओळींचा क्रम बदललेला असतो.

अशा वेळी पुष्कळ जण मॅक्रो पुन्हा चालवतात. दहाचे पाच, पाचाचे दोन, दोनाचा एक, आणि चौथ्या फेरीला शून्य. हा उपाय मला धोक्याचा वाटतो, कारण किती फेऱ्या पुरतील ते सर्वांत लांब सलग गटावर ठरतं आणि तो गट कुणी मोजत नाही.

दुसरा एक उपाय नेहमी सुचवला जातो. ओळ पुसल्याबरोबर i = i - 1 करायचं, म्हणजे तीच जागा पुन्हा तपासली जाईल. X च्या बाबतीत हे चालतं. पण अट ‘रकाना रिकामा असेल तर पुसा’ अशी असेल तर मोठी अडचण होते. यादी संपल्यावर खाली सगळ्या ओळी रिकाम्याच आहेत. रिकामी ओळ पुसली की तिच्या जागी दुसरी रिकामी येते, i एक पाऊल मागे येतो, Next त्याला परत तिथंच आणतो आणि हे थांबत नाही. तेव्हा Esc किंवा Ctrl+Break दाबून मॅक्रो तोडावा लागतो.

खरा उपाय म्हणजे खालून वर जायचं.

```
lastRow = Cells(Rows.Count, 1).End(xlUp).Row
For i = lastRow To 2 Step -1
    If Cells(i, 3).Value = "X" Then Rows(i).Delete
Next i
```

पहिली सूचना A रकान्यातली शेवटची भरलेली ओळ शोधते, म्हणजे ११ हा आकडा हातानं लिहावा लागत नाही. पुढची ओळ तिथून दुसऱ्या ओळीपर्यंत उतरत्या क्रमानं येते. दहावी ओळ पुसली की अकरावी वर सरकते, पण ती आधीच तपासून झालेली असते. जे अजून पाहायचं आहे ते सगळं वर आहे, आणि वरचं काहीच हललेलं नाही. मुळात i हा आकडा सभासदाचा नाही, जागेचा आहे. खालून गेलं की न तपासलेल्या प्रत्येक सभासदाची जागा कायम राहते. Step -1 मात्र विसरू नका. ते नसेल तर ११ पासून २ पर्यंत चढता प्रवास शक्य नसल्यानं लूप एकदाही चालत नाही, चुकीचा संदेशही येत नाही आणि यादी जशीच्या तशी राहते.

दोष डोळ्यांनी पाहायचा असेल तर मॅक्रोच्या खिडकीत F8 दाबत एकेक सूचना चालवा आणि शेजारी यादी उघडी ठेवा. i वर माऊस नेला की त्याची त्या क्षणाची किंमत दिसते. पहिली ओळ पुसली जाताच खालचं नाव वर येताना आणि i त्याला ओलांडताना स्पष्ट दिसतो.

मॅक्रो चालवण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा, कारण मॅक्रोनं पुसलेल्या ओळी Ctrl+Z नं परत येत नाहीत. मग एका मोकळ्या पानावर, यादीच्या पानाचं नाव Sheet1 असेल तर, हे सूत्र लिहा:

```
=COUNTIF(Sheet1!C:C,"X")
```

आपल्या यादीत आधी ५ दिसायला हवेत आणि नंतर ०. नंतर १ दिसला तर एक ओळ निसटली आहे. याच्या जोडीला एकूण नावंही मोजा. आधी १० होती आणि ५ काढायची होती, तर उरलेली ५ भरली पाहिजेत. पहिली मोजणी उरलेला X दाखवते आणि दुसरी चुकून गेलेलं चांगलं नाव.

हे काम वर्षातून एकदाच असेल तर मॅक्रोची गरजच नाही. C रकान्याला फिल्टर लावून फक्त X च्या ओळी दाखवायच्या, त्या निवडून एकदम पुसायच्या आणि फिल्टर काढायचा. तिथं i नाही, एकेक पाऊल पुढे जाणं नाही, म्हणून कुठली ओळ निसटतही नाही.