‘माझं नाव सांग!’

सुरतेत नवरात्र जवळ आलं की उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतल्या पार्लरांत पाय ठेवायला जागा नसते. चनियाचोळीची पाठ उघडी असते, म्हणून पाठीचं वॅक्सिंग आणि पॉलिश. गरब्यात केस सुटू नयेत म्हणून घट्ट, सजवलेल्या वेण्या. काम संपलं की खुर्चीतली मुलगी आधी मान वळवून आरशात बघते, मग मोबाइल काढते. पुढच्या मिनिटाभरात तो फोटो इन्स्टाग्रामच्या स्टोरीत किंवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लागलेला असतो. तिला ते कुणी सांगत नाही. ती खूश आहे म्हणून लावते. पार्लरच्या रेफरल ऑफरला याच मिनिटाला जागा शोधायची असते.

बहुतेक ठिकाणी ती जागा चुकते. आरशाशेजारी कागद चिकटवलेला असतो: ‘आम्हाला टॅग करून स्टोरी टाका, २० टक्के सूट मिळवा.’ मुलगी स्टोरी टाकते, काउंटरवर दाखवते, सूट घेते आणि निघून जाते. तिची मैत्रीण स्टोरी बघते. पण त्या मैत्रिणीला तिथे काय मिळतं? काहीच नाही. पार्लरने स्टोरी विकत घेतली, मैत्रीण आलीच नाही.

दोन्ही बाजूंना काही मिळेल अशी मांडणी करणाऱ्यांमध्ये ड्रॉपबॉक्सचं उदाहरण सर्वांत जास्त सांगितलं जातं. मित्राला आणलं की आणणाऱ्याला जादा जागा, आणि येणाऱ्यालाही तेवढीच. सप्टेंबर २००८ मधल्या सुमारे १ लाख वापरकर्त्यांचे पंधरा महिन्यांत ४० लाख झाले, असं कंपनीचे संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी नंतर मांडलं. पार्लरच्या जास्त जवळचा धडा मात्र २००७ साली र्‍यू आणि फाइक या दोन संशोधकांनी दिला. नुसत्या तोंडओळखीच्या माणसाकडे शिफारस करायची असेल तर शिफारस करणाऱ्याला बक्षीस लागतं. अगदी जवळच्या माणसाकडे करायची असेल तर बक्षिसाचा निदान काही भाग समोरच्याला गेलेला बरा. कारण उघड आहे. जिवलग मैत्रिणीला सांगताना ‘हिला यात कमिशन आहे’ असं वाटू नये, ही भीती असते. स्टोरी तर दोघींनाही दिसते, जिवलग शेजारणीलाही आणि कॉलेजातल्या तोंडओळखीच्या मुलीलाही. म्हणून ऑफर दोन्हीकडची हवी, आणि स्टोरीत ठळक दिसायला हवी ती मैत्रिणीची बाजू.

आता आकडे. समजा, उधन्यात चार खुर्च्यांचं पार्लर आहे. नव्या गिऱ्हाइकाचं पहिलं बिल सरासरी ६०० रुपये होतं आणि त्यात क्रीम, वॅक्स, रंग असा माल १८० रुपयांचा जातो. ऑफर अशी: मैत्रिणीला पहिल्या बिलात १५० रुपये कमी; पाठवणाऱ्या मुलीला मैत्रीण येऊन गेल्यावर एक हेअर स्पा फुकट, सोमवार ते गुरुवार दुपारच्या वेळात. स्पाची किंमत फलकावर ५०० रुपये असली तरी पार्लरचा माल त्यात जातो समजा १२० रुपयांचा, आणि खुर्ची त्या वेळी नाहीतरी रिकामीच असते. बक्षीस रोख न देता सेवेच्या रूपात देण्याचं कारण हेच. घेणारीला ते ५०० रुपयांचं वाटतं, देणाऱ्याला १२० ला पडतं. जीएसटीत नोंद असलेल्या पार्लरने एक गोष्ट जमेस धरावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून या सेवेवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला, पण मालावर भरलेल्या कराची वजावटही गेली, म्हणून क्रीमच्या डब्यावरचा कर आता खर्चातच धरायचा.

पहिल्या भेटीत हाती काय उरतं? ६०० वजा १५०, वजा १८०, वजा १२०: राहिले १५० रुपये. पगार, भाडं, वीज त्यातूनच. म्हणजे पहिल्या भेटीत फायदा जवळजवळ नाही, आणि तो शोधायचाही नाही. तीच मैत्रीण महिन्याने स्वतःहून आली की ६०० मधून माल वजा जाता ४२० उरतात. ऑफर चालली की नाही, हे या दुसऱ्या भेटीवर ठरतं. जर्मनीतल्या एका बँकेच्या सुमारे १० हजार ग्राहकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीतून आलेल्या ग्राहकांची सोडून जाण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १८ टक्के कमी दिसली. बँक वेगळी, पार्लर वेगळं. तरी मोजायचं कुठे, ते यातून कळतं.

आता तो २० टक्क्यांचा कागद आठवावा. महिन्यात ४० मुलींनी स्टोरी टाकली तर प्रत्येकी १२० रुपये, एकूण ४,८०० रुपये गल्ल्यातून गेले, मग कुणी येवो न येवो. दुसऱ्या रचनेत आठ मैत्रिणी आल्या तर १५० अधिक १२० असे २७० गुणिले आठ, म्हणजे २,१६० रुपये. कुणीच आलं नाही तर शून्य.

बक्षीस ‘स्टोरी टाकली’ यावर नाही तर ‘मैत्रीण आली’ यावर ठेवलं की एक मोठी कटकट सुटते. पुष्कळ मुलींचं अकाउंट खासगी असतं. त्यांनी पार्लरला मेन्शन केलं तरी पार्लर त्यांना फॉलो करत नसेल तर स्टोरी दिसत नाही. काही मुली फक्त ‘क्लोज फ्रेंड्स’ना, हिरव्या वर्तुळात, स्टोरी दाखवतात. तपासत बसणाऱ्या पार्लरला ही स्टोरी दिसणार नाही. पण सगळ्यांत मोलाची स्टोरी तीच, कारण ज्यांचा तिच्या शब्दावर विश्वास आहे अशाच माणसांना ती दिसते. आलेल्या मैत्रिणीकडून नाव घ्यायचं असेल तर स्टोरी पाहण्याची गरजच उरत नाही.

आता खुद्द स्टोरीकडे. ती २४ तासांत नाहीशी होते, आणि मैत्रिणीला पार्लरची गरज पडते दहा दिवसांनी, लग्न किंवा साखरपुडा आला की. मग ती काय जपून ठेवते? स्क्रीनशॉट. लिंकचं स्टिकर स्क्रीनशॉटमध्ये दाबता येत नाही. म्हणून पार्लरचं नाव, भाग, कोड आणि शेवटची तारीख ही चारही फोटोवरच वाचता येतील अशी हवीत, आणि ती चौकटीच्या मधल्या भागात. वर नावाची पट्टी येते, खाली उत्तर लिहिण्याची. पार्लरने आपल्या मोबाइलवर एक मोकळी चौकट तयार ठेवावी, १०८० बाय १९२० ची. मुलगी त्यात फोटो घालते आणि ओळ स्वतःची लिहिते. ‘पहिल्यांदा जाशील तर माझं नाव सांग, दीडशे कमी होतील’ ही ओळ मैत्रिणीची वाटते. ‘आकर्षक सवलतीचा लाभ घ्या’ ही दुकानाची. शेजारच्या गुजराती मुलीसाठी तीच ओळ ‘मारुं नाम आपजे’ होते.

कोड सोपा असावा: मुलीचं नाव आणि दोन आकडे. लिंक अशी करता येते की दाबताच पार्लरच्या व्हॉट्सॲपवर तयार संदेश उघडतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=ASHA27
```

इन्स्टाग्रामवर ती लिंक स्टिकरमध्ये जाते. ऑक्टोबर २०२१ पासून ही सोय सगळ्या अकाउंटांना आहे. स्टेटसवर ती फोटोखालच्या ओळीत लिहायची. लिंबायतमधल्या चाळिशीच्या ताई इन्स्टाग्रामपेक्षा स्टेटसवर जास्त असतील तर त्यांना इन्स्टाग्रामचा आग्रह धरू नये. उलट स्टेटस ज्यांनी एकमेकींचे नंबर जतन केलेत त्यांनाच दिसतं, म्हणून बघणारी ओळखीचीच असते.

पण बघणारी म्हणजे येणारी नव्हे, हे सुरतेत विशेष लक्षात ठेवायला हवं. या भागांतली कितीतरी कुटुंबं मूळची जळगाव, धुळे, नंदुरबारची. स्टेटस बघणाऱ्यांत मामेबहीण अमळनेरला, आत्या शिरपूरला. त्या कौतुकाने हृदय पाठवतात, पण भुवया करायला सुरतेला येत नाहीत. स्टोरी दोनशे जणींनी पाहिली यावरून ऑफर चालल्याचं ठरत नाही. वहीत किती नावं चढली ते बघायचं.

त्याच कारणाने तारखाही सुरतेच्या दिनदर्शिकेप्रमाणे ठरवाव्या लागतात. नवरात्रीच्या नऊ दिवसांत स्टोऱ्यांचा पूर असतो, पण खुर्ची रिकामी नसते. त्या दिवसांत कोड वाटावेत, वापर मात्र दसऱ्यानंतर. दिवाळीत निम्मी गल्ली खान्देशात गावी जाते, तेव्हा मुदत दिवाळीत संपू देऊ नये. तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवली तर लग्नसराईची पहिली गिऱ्हाइकं हाती लागतात.

ऑफर बिघडते ती बहुधा काउंटरवर. मैत्रीण स्क्रीनशॉट दाखवते आणि नव्याने लागलेली मुलगी म्हणते, ‘असं काही नाही आमच्याकडे.’ त्या एका वाक्याने दोन गिऱ्हाइकं जातात, कारण घरी गेल्यावर पहिला फोन पाठवणारीला होतो. म्हणून प्रत्येक नव्या व्यक्तीला बिलाआधी विचारावं, ‘कोणाकडून कळलं, ताई?’ आणि उत्तर वहीत एका रकान्यात लिहावं, कोड दाखवला तर तो शेजारच्या रकान्यात. महिनाअखेर दोन रकाने ताडून पाहावेत. नाव सांगणाऱ्या बारा आणि कोड दाखवणाऱ्या तीन असतील, तर ऑफर चांगली आहे पण कोड वाचता येत नाही किंवा लक्षात राहत नाही. कोड पुष्कळ आणि दुसरी भेट एकीचीही नाही, तर तो कुठल्यातरी मोठ्या ग्रुपवर फिरतोय. एका कोडवर महिन्याला पाच जणींची मर्यादा घातली की हे थांबतं. जुनंच गिऱ्हाईक नवं म्हणून आलं तर मोबाइल नंबर वहीत सापडतो.

कारागीर मुलींचं कमिशन सूट वजा केलेल्या रकमेवर न धरता पूर्ण किमतीवर धरावं. नाहीतर दीडशे रुपये कमी देणारीचे केस घाईत कापले जातात, आणि ती दुसऱ्यांदा येत नाही.

दोन नियमही पाळायचे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांत सूट किंवा भेट घेऊन शिफारस करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने ते सांगावं असं आहे. साध्या मुलीनेही स्टोरीत ‘तू गेलीस तर मलाही स्पा मिळतो’ असं लिहिलं तर तिचं काही बिघडत नाही, उलट मैत्रिणीला ते खरं वाटतं. आणि ही ऑफर गुगलवरच्या अभिप्रायाला जोडू नये. सवलत देऊन मिळवलेले अभिप्राय गुगलला चालत नाहीत आणि ते काढून टाकले जाऊ शकतात. तिची स्टोरी पार्लरला स्वतःच्या हायलाइटमध्ये ठेवायची असेल तर तिला विचारून.

समजा दसऱ्यानंतरच्या मंगळवारी डिंडोलीची एक मुलगी दुपारी तीनला येते आणि मोबाइल पुढे करते. स्क्रीनशॉटवर `ASHA27`. काउंटरवरची ताई वहीत नाव, नंबर आणि शेजारी ‘आशा’ लिहिते, बिलात दीडशे वजा करते, आणि तिच्यादेखत आशाला संदेश टाकते: ‘तुझी मैत्रीण आली, गुरुवारी दुपारी स्पाला ये.’ मग केस सुकवून झाल्यावर मुलगी आरशासमोर मान वळवते, तेव्हा तिच्या हातात तिच्याच नावाच्या कोडचं कार्ड दिलं जातं.