मोकळी जागा ज्या टोकाला, सुरुवात त्या टोकापासून

एका शाळेतल्या दहावीच्या दोन तुकड्या. दोन्हींच्या गुणांच्या याद्या कमीकडून जास्तीकडे लावलेल्या आहेत. ‘अ’ तुकडीत चौघांचे गुण १२, २५, ४० आणि ६१. ‘ब’ तुकडीत तिघांचे ८, २५ आणि ५०. दोन्ही मिळून एकच चढती यादी हवी आहे. कागदावर हे काम कुणीही चुटकीसरशी करेल, कारण तिसरा कोरा कागद हाताशी असतो. दोन्ही याद्यांच्या डोक्यावर बोट ठेवायचं, लहान आकडा कोऱ्या कागदावर उतरवायचा आणि ते बोट एक घर पुढे सरकवायचं. संपलं.

आता अट अशी की कोरा कागद मिळणार नाही. ‘अ’ची यादी ज्या अ‍ॅरेमध्ये ठेवली आहे, त्यात एकूण सात कप्पे आहेत. पहिल्या चारांत आकडे, शेवटचे तीन मोकळे. ‘ब’चे तीन आकडे नेमके मावतील एवढीच जागा. विलीन झालेली यादी याच सात कप्प्यांत, चढत्या क्रमाने बसवायची. प्रोग्रामिंगच्या मुलाखतींत हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की तयारी करणाऱ्या मुलामुलींना उत्तर पाठ असतं. मात्र ते उत्तर बरोबर का येतं, हे विचारल्यावर पुष्कळजण अडखळतात, आणि खरी मजा तर तिथेच आहे.

सवयीप्रमाणे पुढून सुरुवात करून पाहू. १२ आणि ८ यांत ८ लहान, म्हणून तो पहिल्या कप्प्यात जायला हवा. पण पहिल्या कप्प्यात १२ बसलेला आहे. संगणकाच्या मेमरीत कप्प्यावर नवा आकडा लिहिला की जुना कायमचा जातो. तो बाजूला सरकून उभा राहत नाही. म्हणजे ८ लिहायच्या आधी १२, २५, ४०, ६१ हे चारही आकडे एकेक घर उजवीकडे ढकलायला हवेत. ‘ब’मधल्या पुढच्या आकड्यासाठी पुन्हा ढकलाढकली, त्याच्या पुढच्यासाठी पुन्हा. सात आकड्यांत हे खपून जातं. पण दोन्ही याद्या एकेक लाखाच्या असतील आणि ‘ब’मधला प्रत्येक आकडा ‘अ’मधल्या सगळ्यांपेक्षा लहान असेल, तर लाख आकडे लाख वेळा सरकवावे लागतील. म्हणजे एक हजार कोटी हालचाली, तेही जेमतेम दोन लाख आकड्यांच्या यादीसाठी.

गंमत अशी की जागा कमी नाहीच. तीन कप्पे मोकळे आहेत. फक्त ते उजव्या टोकाला आहेत आणि आपण डावीकडून लिहायचा हट्ट धरला आहे. मोकळी जागा जिथे आहे तिथूनच लिहायला घेतलं तर? उजव्या टोकाच्या कप्प्यात यादीतला सगळ्यात मोठा आकडा बसणार, आणि तो शोधायला वेळ लागत नाही. दोन्ही याद्या आधीच चढत्या आहेत, त्यामुळे तो एकतर ‘अ’चा शेवटचा असेल नाहीतर ‘ब’चा शेवटचा.

तेव्हा एक बोट ‘अ’च्या ६१ वर, दुसरं ‘ब’च्या ५० वर आणि लिहिणारं तिसरं सातव्या कप्प्यावर ठेवू. ६१ मोठा, तो सातव्यात गेला. आता ४० विरुद्ध ५०: ५० मोठा, तो सहाव्यात. मग ४० विरुद्ध २५: ४० पाचव्यात. पुढे दोन्हीकडे २५ आहेत. ‘ब’चा २५ घेऊन चौथ्या कप्प्यात लिहू, ‘ब’चाच का, ते पुढे येईल. त्या चौथ्या कप्प्यात अजून जुना ६१ दिसतो आहे, पण त्याची प्रत सातव्यात गेलेली असल्याने तो पुसला तरी काही बिघडत नाही. यानंतर ‘अ’चा २५ विरुद्ध ‘ब’चा ८: २५ तिसऱ्यात. १२ विरुद्ध ८: १२ दुसऱ्यात. ‘अ’ संपली, ‘ब’मध्ये ८ उरला, तो पहिल्या कप्प्यात. यादी झाली: ८, १२, २५, २५, ४०, ५०, ६१. सात आकडे, प्रत्येक एकदाच लिहिला. लाख-लाखाच्या याद्यांतही फार तर दोन लाख वेळा लिहावं लागेल.

पण लिहिणारं बोट डावीकडे येत असताना ‘अ’मधला एखादा न वाचलेला आकडा चिरडणार नाही, याची खात्री काय? या रीतीचं मर्म या प्रश्नात आहे. लिहिणारं बोट आणि ‘अ’वरचं बोट यांच्यातलं अंतर मोजा. सुरुवातीला एक सातव्या कप्प्यावर आणि दुसरं चौथ्यावर, म्हणजे अंतर तीन. ‘ब’मध्येही तीनच आकडे उरलेले. ‘अ’मधला आकडा उचलला की दोन्ही बोटं एकेक घर डावीकडे येतात, म्हणून अंतर तेवढंच राहतं, आणि ‘ब’मधलं काही कमी झालेलं नसतं. ‘ब’मधला आकडा उचलला की फक्त लिहिणारं बोट सरकतं: अंतर एकाने घटतं आणि ‘ब’ची शिल्लकही एकाने घटते. म्हणजे हे अंतर कायम ‘ब’च्या शिलकीइतकंच असतं. ‘ब’मध्ये एकही आकडा उरला आहे तोवर लिहिणारं बोट ‘अ’च्या बोटाच्या निदान एक घर उजवीकडे असणारच. ते त्याला गाठतं ते ‘ब’ पूर्ण रिकामी झाल्यावरच, आणि तेव्हा ‘अ’मध्ये जे काही उरलं असेल ते आपापल्या जागी आधीच बसलेलं असतं. त्याला हातही लावायचा नाही.

यातूनच प्रोग्राम कुठे थांबवायचा तेही कळतं: ‘ब’ संपली की काम संपलं. पायथॉनमध्ये तो असा दिसतो. `a` म्हणजे ‘अ’, `b` म्हणजे ‘ब’; `m` आणि `n` हे त्यांतल्या खऱ्या आकड्यांची संख्या. कप्पे शून्यापासून मोजतात, म्हणून एक वजा केला आहे.

```
i = m - 1
j = n - 1
k = m + n - 1
while j >= 0:
    if i >= 0 and a[i] > b[j]:
        a[k] = a[i]
        i -= 1
    else:
        a[k] = b[j]
        j -= 1
    k -= 1
```

`while`च्या ओळीत बहुतेकांची पहिली चूक होते. ‘दोन्ही याद्यांत काहीतरी आहे तोवर चालू ठेव’ असं लिहिलं जातं आणि ‘ब’ची शिल्लक उतरवायची राहते. आपल्या उदाहरणात १२ दुसऱ्या कप्प्यात गेल्यावर ‘अ’ संपते आणि प्रोग्राम तिथेच थांबतो. हाती येतं ते १२, १२, २५, २५, ४०, ५०, ६१. नीट पाहा: आकडे सात, क्रम चढता. यादी लागली आहे का एवढंच तपासणारी चाचणी हिला बिनदिक्कत पास करेल, आणि ८ गुणांचा विद्यार्थी यादीतून गायब झालेला कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून विलीनीकरणाच्या चाचणीत आधीची आणि नंतरची बेरीजही ताडून पाहावी. इथे मूळ सात आकड्यांची बेरीज २२१ आहे, आणि बिघडलेल्या यादीची २२५. बेरीज जुळली म्हणजे सगळं ठीक असं नव्हे, पण ती चुकली तर आकडा हरवल्याचा तो पक्का पुरावा असतो.

दुसरी चूक `i >= 0` हा तपास गाळण्याची. पायथॉनमध्ये ही फार फसवी ठरते, कारण तिथे उणे एक या क्रमांकाचा अर्थ शेवटचा कप्पा असा होतो. ‘अ’ संपल्यावर प्रोग्राम निमूटपणे शेवटच्या कप्प्यातला ६१ पुन्हा वाचतो, तो ८ पेक्षा मोठा म्हणून पहिल्या कप्प्यात लिहितो आणि उलटा पुढे जात राहतो. चुकीचा संदेश पडद्यावर येतो तोवर आणखी बरेच कप्पे बिघडलेले असतात.

आता बरोबरीचा मुद्दा. दोन २५ आले तेव्हा ‘ब’चा आधी उचलला, कारण आपण मागून भरतो आहोत आणि आधी उचललेला उजवीकडे बसतो. त्यामुळे तयार यादीत ‘अ’चा २५ पुढे आणि ‘ब’चा मागे असा मूळ क्रम टिकतो. नुसत्या आकड्यांना याने फरक पडत नाही. पण प्रत्येक आकड्यामागे विद्यार्थ्याचं नाव असेल आणि सारख्या गुणांत ‘अ’ तुकडी आधी छापायची असेल, तर `>` च्या जागी `>=` लिहिल्याने क्रम उलटा होईल.

हे सगळं मुलाखतीपुरतं वाटत असेल, तर पायथॉनच्या पोटात डोकावून पाहावं. २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी पायथॉनसाठी एक क्रमवारी पद्धत लिहिली. ती टिमसॉर्ट म्हणून ओळखली जाते. यादीत आधीपासून लागलेल्या रांगा ती हुडकते आणि शेजारशेजारच्या रांगा विलीन करत जाते. तिथे मोकळी जागा आयती मिळत नाही, म्हणून ती तयार करावी लागते. दोन रांगांपैकी लहान असेल ती तात्पुरती बाहेर उतरवून घेतात. उजवीकडची रांग लहान असेल तर ती बाहेर गेल्यावर उजव्या टोकाला तेवढीच मोकळी जागा उरते, आणि समोर नेमकं आपलंच गणित येतं: डावीकडे भरलेली ‘अ’, उजवीकडे मोकळे कप्पे, बाहेर ‘ब’. तिथे भरणं मागूनच होतं. डावीकडची लहान असेल तर जागा डाव्या टोकाला होते, आणि तेव्हा पुढून भरतात; सगळा युक्तिवाद आरशातल्यासारखा उलटा लागू पडतो.

याचा खर्च म्हणजे बाहेर काढलेल्या रांगेपुरती मेमरी. लहान रांगच बाहेर जात असल्याने ती कधीही पूर्ण यादीच्या निम्म्याहून जास्त होत नाही. मोकळे कप्पे मुळीच नसताना, दोन-चार आकड्यांइतक्याच जादा मेमरीत, तरीही यादीच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेऊन दोन रांगा विलीन करता येतात. सोव्हिएत संशोधक क्रॉनरॉड यांनी १९६९ मध्ये ते दाखवून दिलं. पण त्यासाठी यादीचे तुकडे पाडून, तिच्यातल्याच काही आकड्यांचा तात्पुरता गोदामासारखा वापर करावा लागतो. प्रोग्राम लांबतो, प्रत्यक्षात मंदही पडतो. म्हणूनच टिमसॉर्ट निम्म्यापर्यंत मेमरी उसनी घ्यायला तयार असते.